लेख आहे, पण सापडत नाही

टीमला वारंवार पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं लेखांत साठवणाऱ्या नॉलेज बेसची सुरुवात विभाग-उपविभाग आखण्यापासून करू नका. सीनियर मंडळींच्या चॅट आणि मेलमधले गेल्या महिन्याभराचे प्रश्न काढा आणि जसे विचारले तसेच, चुकांसकट, एका शीटमध्ये उतरवा. तीनदा आलेल्या प्रश्नावर एक लेख, इतकं पुरे.

खरं घोडं पेंड खातं ते शोधात. समजा, पासवर्ड बदलल्यावर व्हीपीएन जोडलं जात नाही, कारण लॅपटॉपमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला आहे. जाणकार लेखाला 'सेव्ह्ड क्रेडेन्शियल्स हटवणे' असं नाव देतो. नवखा शोधतो 'व्हीपीएन चालत नाही'. साधा सर्च शब्द जुळवतो, अर्थ नाही; म्हणून लेख असूनही निकाल शून्य, आणि फोन पुन्हा सीनियरला. शीर्षक 'पासवर्ड बदलल्यावर व्हीपीएन चालत नाही' असंच ठेवा. एररचा मजकूर टाइप करून टाका. स्क्रीनशॉटमधली अक्षरं बऱ्याच सर्चना वाचता येत नाहीत. तळाशी लोक वापरतात ते बाकीचे शब्दही लिहा, रोमन लिपीतले धरून. उपाय आधी, कारणमीमांसा नंतर.

दर आठवड्याला निकाल न मिळालेले शोध तपासा. लेखच नसेल तर लिहा. असेल तर तो शोधलेला शब्द त्यात घाला. बहुतेकदा लेख असतोच, फक्त तो शब्द त्यात नसतो.

सीनियरने तोंडी उत्तर न देता लिंक पाठवावी. लिंकने काम झालं नाही, तर लेख त्याच वेळी दुरुस्त करावा. 'नंतर करू' म्हटलेलं राहून जातं.