शटरच्या मोटरचे दोन रिले: इंटरलॉक कसा करावा?

प्रश्न: मालाडला गाळ्याच्या शटरला २३० व्होल्टची कपॅसिटरवाली मोटर आहे. वर आणि खाली असे दोन रिले लावलेत. दोन्ही एकदम लागूच नयेत यासाठी वायरिंग कसं करू?

उत्तर: एका रिलेच्या कॉइलचा पुरवठा दुसऱ्याच्या एनसी संपर्कातून नेण्याची रीत सर्वत्र दिसते, पण दोन्ही बटणे एकाच क्षणी दाबली गेली, तर ते संपर्क उघडेपर्यंत दोन्ही कॉइल ओढ घेतात. म्हणून मी इंटरलॉक मोटरच्या वायरमध्येच करतो.

फेज ‘वर’ रिलेच्या कॉमनला द्यावा आणि त्याचा एनओ मोटरच्या ‘वर’ वायरला जोडावा. त्याच रिलेचा एनसी ‘खाली’ रिलेच्या कॉमनला न्यावा आणि ‘खाली’ रिलेचा एनओ मोटरच्या ‘खाली’ वायरला जोडावा. आता ‘खाली’ला फेज मिळण्यासाठी ‘वर’ रिले सुटलेलाच हवा, आणि त्याचा संपर्क ‘वर’ बाजूला चिकटला तरी ‘खाली’ बंदच राहते. मात्र ‘खाली’ रिले चिकटल्यास शटर आपोआप उतरू लागेल. त्यामुळे मोटरमधील लिमिट स्विच शाबूत हवेत.

दिशा बदलताना दोन्ही रिले सोडून, मोटर पूर्ण थांबेपर्यंत, निदान एक सेकंद जाऊ द्यावा. नाहीतर संपर्कांमधील ठिणगी पलीकडच्या संपर्कापर्यंत पोहोचते आणि भरलेला कपॅसिटर त्यातून रिकामा होऊन संपर्क वितळवतो.

तपासण्यासाठी मेन बंद करून मोटरऐवजी दोन बल्ब जोडावेत, मग मेन चालू करून दोन्ही कॉइल एकदम चालू कराव्यात: फक्त ‘वर’चा बल्ब पेटला पाहिजे.