प्रस्तावात आधी खोट्या इशाऱ्यांचा हिशेब मांडा

छातीचे एक्स-रे एआयकडून वाचून घेण्याच्या प्रस्तावाचा तुमचा मसुदा वाचला. खर्चाच्या रकान्यात फक्त सॉफ्टवेअरची वर्गणी दिसते. खरा खर्च पुढे आहे.

समजा, वर्षाला छातीचे 1,000 एक्स-रे निघतात आणि त्यांतल्या 10 जणांना क्षयरोग आहे. एआय 90 टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांपैकी 80 टक्क्यांना बरोबर वगळते, असं धरू. म्हणजे 9 रुग्ण सापडतील, एक निसटेल आणि 990 निरोगींपैकी 198 जणांवर उगाच संशय येईल. त्या सगळ्यांची थुंकी तपासणी कोण करणार, पैसे कोण देणार? हे आधी लिहा. इशाऱ्याचा उंबरठा वर नेला तर खोटे इशारे घटतात, पण निसटणारे वाढतात. म्हणून कंपनीचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. आपलेच जुने, निदान पक्कं झालेले एक्स-रे चालवून बघा. खाटेवर पोर्टेबल यंत्राने काढलेले वेगळे मोजा, कारण त्यांत हृदय मुळातच मोठं दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये क्षयरोगाच्या चाचपणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली, ती 15 वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींसाठी. लहान मुलांचे एक्स-रे त्यात घालू नका.

संमतीपत्रात दोन वेगळ्या सह्या हव्यात: एक वाचनासाठी, दुसरी प्रतिमा कंपनीला प्रशिक्षणासाठी देण्याबाबत. दुसरी नाकारली तरी उपचार अडता कामा नयेत.

आणि डॉक्टरांनी आपलं मत आधी नोंदवावं, मगच एआयचं उघडावं. ‘नॉर्मल’ दिसलं की नजर सैलावते. माझीही सैलावली होती.