"ब्रेक हमारे पास भी है"

प्रश्न: बहिणीनं इंदुरात ड्रायव्हिंग स्कूल काढलंय. चाळिशीतल्या, पहिल्यांदाच गाडी शिकणाऱ्या बायका चौकशी करतात, पण घाबरून येत नाहीत. त्यांना धीर येईल अशी टॅगलाइन सुचवा.

"आप चलाइए, ब्रेक हमारे पास भी है।"

पाटी हिंदीतच ठेवा. आपण घरात कितीही मराठी बोललो तरी ती सगळं इंदूर वाचणार. मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकायची असेल तर "गाडी तुम्ही चालवा, एक ब्रेक आमच्याही पायाखाली आहे."

पाट्या आणि फ्लेक्स छापणं हा माझा धंदा. ड्रायव्हिंग स्कूलवाले बहुतेक "डर भगाइए"सारखं काहीतरी लिहून आणतात. पण जी बाई घाबरलेली आहे तिला पाटीवर पहिला शब्द दिसतो तो "डर"! "महिलाओं के लिए आसान" हेही नको, त्यात टोमणा ऐकू येतो. आणि "लाइसेंस की गारंटी" तर मुळीच नको. परीक्षा आरटीओ घेतं, बहीण नाही.

माझ्या ओळीत धीर देणारा एकही शब्द नाही, एक वस्तू आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूला खरंच दुसरा ब्रेक असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शाळेच्या गाडीला ड्युअल कंट्रोल लागतंच. पण शिकायला येणाऱ्या कितीतरी बायकांना हे गाडीत बसेपर्यंत माहीत नसतं. घरी नवरा शेजारी बसून "अरे, ब्रेक!" म्हणून ओरडतो, कारण त्याच्या पायाखाली काहीच नसतं. बहिणीनं पहिल्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी त्या बाईला शेजारच्या सीटवर बसवून तो ब्रेक स्वतःच्या पायानं दाबायला लावावा. बहीण लोकांच्या घरच्या गाडीवरही शिकवत असेल तर मात्र ही ओळ खोटी पडेल. मग ती वापरू नका.

आता "ब्रेक"च का, "कंट्रोल" का नाही? माझ्या वहिनीमुळे. ती सेहेचाळिसाव्या वर्षी एका शाळेत शिकली. पंधरा दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही, घरी पेढे वाटले. मग स्वतःची गाडी काढली आणि रीगलच्या सिग्नलला चारदा बंद पाडली. पुढे शास्त्री ब्रिजच्या चढावर गाडी हातभर मागे आली, आणि मागचा भिया हॉर्नवरून हात काढेना. नंतर कळलं, सर सगळे दिवस आपल्या बाजूचा क्लच हळूच सांभाळत होते. वहिनी म्हणाली, "मला वाटलं मला येतंय. येत सरांना होतं!"

शाळेत कधीच बंद न पडणारी गाडी घरी लगेच बंद पडली, की समजावं क्लच दुसऱ्याच्या पायात होता. म्हणून ब्रेकचं वचन द्या, क्लचचं नको. तीन-चार दिवसांनी शिकवणाऱ्यानं दोन्ही पाय मॅटवर सपाट ठेवावेत, तिला दिसतील असे. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर, पहिला गिअर टाकून, अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता नुसता क्लच सावकाश सोडायला लावावा. एका जागी गाडी थरथरते आणि आपोआप सरकू लागते. तो हाफ क्लच. तो तिच्या डाव्या पायाला सापडेपर्यंत गाडी दहादा बंद पडू द्यावी. चढ त्यानंतर: हँडब्रेक ओढलेला, क्लच त्याच थरथरीपर्यंत, थोडा अॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. आणि सरांनी आपला ब्रेक दाबलाच तर "मी दाबला" असं तोंडानं सांगावं, म्हणजे गाडी कुणी थांबवली हे तिला कळतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. गाडीची मागची बाजू शिकणारी बाई वाचतच नाही. ती सिग्नलला मागे थांबलेला माणूस वाचतो, आणि तिची निम्मी भीती त्याचीच असते. त्यामुळे ही टॅगलाइन दारांवर, पॅम्फ्लेटवर आणि व्हॉट्सअॅपवर टाका, मागच्या काचेखाली त्या माणसासाठी वेगळी ओळ लिहा: "सीख रहे हैं। हॉर्न नहीं, थोड़ी जगह।" अक्षरं मोठी, पिवळ्यावर काळी. लाल L झाकला जाऊ देऊ नका. आणि बहिणीचा मोबाइल नंबर मागे छापायचाच असेल तर या ओळीपेक्षा लहान छापा, मालक मंडळी नेमकं उलटं करायला सांगतात.