क्विझच्या फोनमध्ये गेलेला बॅलन्स परत मिळतो का?

प्रश्न: "तुम्हाला बक्षीस लागलंय, अमुक नंबरवर फोन करा असा कॉल आला. आईने केला आणि सगळा बॅलन्स उडाला. पैसे परत मिळतील का?"

बहुतेक नाही मिळत. पण तुम्ही आईचं नाव काढलंत म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं घर देवगड तालुक्यात, मी तेव्हा मुंबईला. २०१२ च्या मे महिन्यात आंब्याची गडबड होती, घरी फोन लागायलाच हवा म्हणून मी आईच्या फोनवर मोठा टॉपअप मारला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलन्स सात रुपये चाळीस पैसे. दादा घरीच होता, तो तिच्यावर खेकसला, फुकटच्या गाडीची हाव सुटली तुला. आई काहीच बोलली नाही, आणि तेच मला अजून लागतं.

झालं होतं असं की आधी एका साध्या दहा आकडी नंबरवरून तिला कॉल आला, तो फुकट. त्यात रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली तुमची निवड झालीय, आता या पाच आकडी नंबरवर फोन करा. मीटर पडतो तो इथे, कारण आता फोन तुम्ही लावलेला असतो आणि त्या नंबरचा रेट वेगळा असतो. आईच्या कॉलला मिनिटाला बारा रुपये लागले, तेही साठ सेकंदांच्या पल्सने, म्हणजे एक सेकंद वर गेला तरी पुढच्या मिनिटाचे पूर्ण बारा. मग पलीकडून वेळ काढत राहायचं. आधी स्वागत, मग भाषा निवडा, मग नियम, मग प्रश्न दोनदा वाचायचा. प्रश्न काय तर महाराष्ट्राची राजधानी मुंबई की दिल्ली. उत्तर चुकूच नये म्हणून इतकं सोपं, कारण चुकलेला माणूस फोन ठेवतो. बरोबर म्हटलं की "अभिनंदन, पुढच्या प्रश्नासाठी एक दाबा." या पैशात मोबाईल कंपनीचाही वाटा असतो, त्यामुळे तक्रारीची घाई तिला कधीच नसते.

आई चौथी शिकलेली. मला फोनवर म्हणाली, "मी सगळे बरोबर सांगलंय रे. मधीच फोन ठेवलंय तर ती बाई काय म्हणात?" पलीकडे माणूस नाही, टेप आहे, हे तिला कळलंच नव्हतं. दारात आलेल्याला बोलता बोलता उठून जा असं आमच्याकडे कोणी सांगत नाही, तीच रीत तिने फोनवर पाळली.

मी गावी आलो तेव्हा कंपनीच्या ऑफिसात जाऊन कॉलचा तपशील मागितला. प्रीपेडला मिळत नाही म्हणाले, पण मिळतो, फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या २०१२ च्या नियमात आहे, लेखी मागा, पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाहीत, आणि मागच्या सहा महिन्यांचाच मिळतो म्हणून उशीर करू नका. त्या कागदावर तो एकच कॉल होता, बरोबर पंधरा मिनिटं, शून्य सेकंद, १८० रुपये. आधीचा बॅलन्स १८७.४०, उरले ७.४०, बारापेक्षा कमी, म्हणजे सोळावं मिनिट परवडेना म्हणून कॉल आपोआप तुटला. कॉल असा पूर्ण मिनिटांवर तुटला असेल आणि उरलेली रक्कम एका मिनिटाच्या रेटपेक्षा कमी असेल तर समजा की माणसाने फोन ठेवलेला नाही, बॅलन्सने ठेवलाय. पोस्टपेडला हा ब्रेकही नसतो, तिथे थेट बिल येतं.

पैसे मिळाले नाहीत. फोन तुम्हीच लावलात, म्हणाले. तुमच्या बाबतीत कॉलऐवजी रोजचं किंवा महिन्याचं पॅक चालू झालं असेल तर गोष्ट वेगळी, २०१३ पासून त्याला दोनदा होकार घ्यावा लागतो, १५५२२३ वर बंद करता येतं. तक्रार १९८ वर, डॉकेट नंबर लिहून घ्या, तिथे दाद नाही लागली तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे. ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही.

हो, आणि १८६० वाले नंबर लोक फुकट समजतात, फुकट फक्त १८००. आता अनलिमिटेड पॅकमुळे मुख्य बॅलन्स बहुतेकांकडे नसतोच, पण पोस्टपेड असेल किंवा टॉपअप मारला असेल तर पॅकमधली फुकट मिनिटं अशा नंबरांना लागू होत नाहीत. बक्षिसाच्या नावाने ओटीपी मागितला असेल तर ते वेगळंच प्रकरण, लगेच १९३० ला लावा.

आणि आईला हावरट म्हणू नका, तुमच्या घरात कोणी म्हणत असेल तर कॉलचा तपशील काढून त्याच्या हातात द्या. मी दादाला दिला होता, त्याने न बघता घडी घातली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. दादा, तू हे वाचत असशील तर ते शून्य सेकंद एकदा बघ.