बाग की खोल्या: एनपीव्हीचा उतार काय सांगतो

> "गुहागरजवळ वडिलोपार्जित कातळ आहे, हातात १० लाख. एक पर्याय पर्यटकांसाठी दोन खोल्या, दुसरा हापूसची कलमं. एक्सेलमध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला. आयआरआर खोल्यांचा १५ टक्के, बागेचा १३.३. पण १० टक्क्यांना एनपीव्ही बागेची ४.५८ लाख आणि खोल्यांची ३.२९ लाख. मग खरं कुणाचं धरू? एकाने एनपीव्हीचा आलेख काढायला सांगितलं, तो काढून बघायचं काय?"

तुम्ही दिलेले आकडे मी पुन्हा मांडले. खोल्या: आज १० लाख खर्च, मग वीस वर्षं दरवर्षी १.६ लाख हातात. बाग: खड्डे, माती, गडगा, विहीर, कलमं मिळून आज १० लाख, पहिली पाच वर्षं दरवर्षी ४० हजार खर्चच, सहाव्या ते दहाव्या वर्षी २ लाख आणि अकराव्यापासून विसाव्यापर्यंत ५ लाख. एनपीव्ही म्हणजे पुढच्या सगळ्या रकमा वटावाच्या दराने आजच्या किमतीत आणून त्यातून आजचा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते, आणि आयआरआर म्हणजे ज्या दराला ते शून्य होतं तो दर. आयआरआर दोन्ही बरोबर आहेत, एनपीव्ही मात्र दोन्ही चुकल्या आहेत. १० टक्क्यांना बागेची ५.०४ आणि खोल्यांची ३.६२ लाख यायला हवी. तुमचे आकडे नेमके १.१ ने भागलेले आहेत. म्हणजे आजचे १० लाखसुद्धा तुम्ही NPV च्या कंसात टाकलेत. ते सूत्र कंसातली पहिली रक्कम एक वर्षानंतरची धरतं, त्यामुळे सगळाच हिशेब एक वर्ष पुढे सरकतो.

ही चूक सहजासहजी सापडत नाही. शून्य टक्क्यांना भागाकार १ ने होतो, तिथे फरक पडत नाही. जिथे एनपीव्ही मुळातच शून्य आहे तिथे कशानेही भागा, शून्यच राहणार. म्हणजे आलेखाची सुरुवात बरोबर, शून्याला छेदणारी जागा बरोबर, आणि मधली उंची आणि उतार तेवढा चुकीचा. नेमका तोच आपल्याला वाचायचा आहे. म्हणून कोणत्या तरी एका दराला हातानं पडताळा घ्या.

A स्तंभात वर्षं ० ते २०, B मध्ये खोल्या, C मध्ये बाग, दुसऱ्या ओळीपासून. E मध्ये दर, शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत एकेक टक्क्याने. मग F2 मध्ये हे लिहा आणि उजवीकडे व खाली ओढा:

```
=B$2+NPV($E2,B$3:B$22)
```

E, F, G निवडून स्कॅटर प्रकारचा आलेख काढा. त्यातले काही बिंदू (लाखांत):

| वटावाचा दर | खोल्या | बाग |
|---|---|---|
| ०% | २२.०० | ४८.०० |
| ५% | ९.९४ | १८.७५ |
| ८% | ५.७१ | ९.३८ |
| १०% | ३.६२ | ५.०४ |
| १२% | १.९५ | १.७५ |
| १५% | ०.०१ | −१.८० |

आयआरआर म्हणजे रेघ शून्याला छेदते ती जागा, बस. बागेची रेघ खूप वरून निघते आणि झपाट्याने उतरून १३.३ ला शून्याखाली जाते. खोल्यांची रेघ खालून निघून सावकाश उतरते आणि १५ पर्यंत तग धरते. वाटेत ११.७ च्या आसपास दोन्ही एकमेकींना छेदतात. तुमचा दर त्याच्या डावीकडे असेल तर बाग पुढे, उजवीकडे असेल तर खोल्या. म्हणून तुमची दोन उत्तरं एकमेकांच्या विरोधात नाहीत, ती एकाच आलेखावरच्या दोन वेगळ्या ठिकाणची आहेत.

ही छेदाची जागा अचूक हवी असेल तर बाग वजा खोल्या असा नवा स्तंभ करा आणि त्याचा आयआरआर काढा. त्यातून अर्थही कळतो. बाग निवडलीत तर पहिली पाच वर्षं दरवर्षी २ लाखांवर पाणी सोडता, पुढची पाच वर्षं ४० हजार जास्त मिळतात आणि शेवटची दहा वर्षं ३.४ लाख. त्या थांबण्यावर मिळणारा परतावा म्हणजे ११.७ टक्के.

आता उतार. १० वरून ११ टक्क्यांवर गेलात की खोल्यांची एनपीव्ही ८८ हजारांनी घटते, बागेची १ लाख ७६ हजारांनी, म्हणजे दुप्पट. कारण पैसे कधी येतात त्यात आहे. तिसऱ्या वर्षी मिळणारे १०० रुपये १० टक्क्यांना आज ७५.१ रुपयांचे, ११ टक्क्यांना ७३.१ चे. पंधराव्या वर्षी मिळणारे १०० रुपये २३.९ वरून थेट २०.९ वर येतात. बागेच्या ६० लाखांपैकी ५० लाख अकराव्या वर्षापासूनचे आहेत. उतार तीव्र असला की दर ठरवताना केलेली एका टक्क्याची चूकसुद्धा महागात पडते.

आणि दराबाबत तुमच्याकडे एक गोष्ट तपासायला हवी. खोल्यांचं उत्पन्न वीस वर्षं १.६ लाखच धरलंय, म्हणजे सगळे आकडे आजच्या भावाने आहेत. तुमचे १० टक्के बँकेच्या दरावरून घेतले असतील, तर त्यांत मात्र महागाई धरलेली असते. आजच्या भावाचे आकडे आणि महागाईसकटचा दर यांची सांगड घालू नका. महागाई ५ टक्के धरली तर १.१० भागिले १.०५, म्हणजे खरा दर जेमतेम ४.८ टक्के. तिथे बाग साडेएकोणीस लाखांच्या आसपास आणि खोल्या साधारण १० लाख. सपाट रेघेत ही चूक थोडक्यात निभावते, बागेसारख्या रेघेत ती सगळा निकाल फिरवू शकते.

तरी मी ४.८ वर वाचणार नाही. करपलेला मोहोर, अवकाळी पाऊस, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात मुळासकट उपटलेली झाडं, हे सगळं जमेस धरून मी ८ टक्क्यांवर वाचेन. तिथे बाग ९.३८, खोल्या ५.७१.

त्याआधी मात्र बागेचं एक गृहीतक हलवून बघा. कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यात बाहेरची माती किती भरता यावर कलमाची वाढ ठरते. पूर्ण उत्पन्न अकराव्याऐवजी तेराव्या वर्षी सुरू झालं, मधली दोन वर्षं २ लाखच मिळाले, असं मी धरून बघितलं. ८ टक्क्यांना बाग ६.९० वर येते, अजूनही खोल्यांच्या पुढे. १० टक्क्यांना ३.०३ होते आणि खोल्यांच्या मागे पडते. दोन रेघांचा छेद ११.७ वरून ९.३ वर सरकतो. तेव्हा पैसे गुंतवायच्या आधी शेजारच्या कातळावरच्या दोन-तीन बागा बघा, झाडांचं वय विचारा आणि पेट्या कितव्या वर्षापासून नीट निघू लागल्या ते लिहून आणा. तो आकडा C स्तंभात घाला आणि छेद ८ च्या किती उजवीकडे राहतो ते बघा.