कढईतल्या तेलाने पेट घेतला तर नेमकं काय करायचं?

प्रश्न : आगीचा त्रिकोण शाळेत शिकलोय, उष्णता इंधन ऑक्सिजन, पण किचनमध्ये कढईने पेट घेतला तर यातलं काय काढायचं? गॅस बंद केला की इंधन गेलं ना, मग आग विझायला पाहिजे?

नाही विझत. कारण जळतंय ते तेल, गॅस नाही. ऐरोलीला आमच्या घरी दिवाळीत हे झालंय म्हणून सांगतो. वहिनी चकल्या तळत होती, फोन आला म्हणून गॅलरीत गेली, गॅस फुल. तळायला तेल १८० डिग्रीच्या आसपास लागतं, ते तापत तापत साडेतीनशेच्या पुढे गेलं की काडी लावायची गरज नाही, आपोआप पेटतं. त्याआधी पांढरा-निळसर धूर आणि डोळे चुरचुरणारा वास येतो, तीच वॉर्निंग, तेव्हाच गॅस बंद करायचा असतो.

दादाने धावत येऊन परात उपडी टाकली, ज्वाळा गेली, सगळे हुश्श. दोन मिनिटांनी बघायला परात उचलली तर परत भडका, कारण खाली बर्नर तसाच चालू! परातीने ऑक्सिजन तोडला होता, पण तेल अजून तेवढंच गरम, हवा मिळाली की तयारच. इथे बर्नर बंद करणं म्हणजे इंधन काढणं नाही, उष्णता देणं थांबवणं. इंधन म्हणजे तेल, ते काढायला जाऊच नका, पेटलेली कढई उचलली की तेल हिंदकळून अंगावर येतं.

मग दुसऱ्यांदा परात टाकली, नॉब बंद केला, आणि अर्धा तास कोणी हात लावला नाही. तेवढा वेळ लागतोच, तेल लवकर थंड होत नाही. झाकण स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्या, काचेचं तडकू शकतं, आणि वरून आदळायचं नाही, आपल्या बाजूने पुढे सरकवत ठेवायचं म्हणजे ज्वाळा आपल्यापासून लांब जाते. नॉबपर्यंत हात जात नसेल तर सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करा, पाइप गॅस असेल तर पाइपवरचा व्हॉल्व.

पाणी मात्र अजिबात नको!! लाकूड-कपड्याला पाणी चालतं कारण ते उष्णता खातं. तेलात ते जड म्हणून तळाशी जातं आणि तिथे क्षणात वाफ होते, साधारण सतराशे पट फुगते, म्हणजे एका ग्लासातून तीनशे लिटरच्या वर वाफ, दीड ड्रम समजा, आणि ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. आमची आई तांब्या भरून उभीच होती, दादा ओरडला म्हणून थांबली.

ज्वाळा चिमणीत किंवा कपाटाला लागली असेल, किंवा जवळच जाता येत नसेल तर झाकणाचा नाद सोडा, सगळ्यांना बाहेर काढा, किचनचं दार ओढून घ्या आणि बाहेर जाऊन १०१ लावा.