थेंब कडू लागतात, म्हणजे पोहोचतात

"म्याडम, पोट्ट्याचा कान दोन वर्षांपासून फुटते. गोळ्या खाल्ल्या का थांबते, मंग पुन्हा वाहते. आता डॉक्टरनं भारी गोळ्या द्याच्या सोडून थेंबच लिहून देल्ले. त्यानं काय होते?"

आमच्या ग्रामीण रुग्णालयात ही तक्रार इतक्यांदा ऐकली, की एका आईशी झालेलं बोलणं इथे मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा तेरा वर्षांचा. पडद्याला छिद्र, कानातून पातळ पू, दुखणं नाही. थेंबांची बाटली घरी होती, जवळपास भरलेली.

थेंब का घालत नाही, असं मी विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस सबब सांगतो. मी म्हटलं, "ताई, पहिल्यांदा थेंब टाकले ती संध्याकाळ सांगा."

"टाकले, अन् पोट्टा थुंकाले लागला. म्हने घसा कडू झाला. कानाचं औषध नरड्यात उतरलं तं म्या घाबरलीच. बाटलीवर डोळ्याचं बी लिहेल हाये. ठेवून देल्ली."

सगळी अडचण इथेच होती, आणि ती कुठल्याच केसपेपरवर नव्हती. मी तिला सांगितलं की पडदा सलग असता तर थेंब बाहेरच अडले असते. छिद्रातून ते आत गेले, तिथून नाकामागे उघडणाऱ्या नळीतून घशात आले. कडू लागलं, म्हणजे औषध नेमकं पू होतो तिथे पोहोचलं. सिप्रोफ्लॉक्सासिनचे हे थेंब डोळ्याला आणि कानाला एकच असतात, म्हणून बाटलीवर दोन्ही छापलेलं असतं.

मग गोळीचा हिशेब. या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी गिळली तर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये फार तर दोन-तीन मायक्रोग्रॅम सापडतं, म्हणजे साधारण हजारपट कमी. शिवाय अशा कानात बहुधा जो जंतू असतो, स्यूडोमोनास, त्याच्यावर नेहमीच्या अमॉक्सिसिलीनसारख्या गोळ्या चालत नाहीत.

"म्हंजे फवाऱ्यावानी," ती म्हणाली, "कीड हाये तिथंच."

मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. पण मग गोळ्यांनी कान थांबत कसा होता, असं तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "थांबलेला कान पुन्हा सुरू कधी झाला, आठवतं?" ती आठवत गेली. "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलं धुवाले नाल्यावर गेल्ता. मंग वाह्यला. उन्हाळ्यात इहिरीत उड्या मारल्या, तवा बी." थोडं थांबून तीच म्हणाली, "म्हंजे ज्या भोकातून औषध जाते, त्यातूनच पानी बी जाते ना?"

हे मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरली असती. स्वतःच्या तोंडून निघालेलं टिकतं, असा माझा अनुभव आहे. असे कान अधूनमधून आपोआपही कोरडे होतात. तेव्हा गोळी चालू असली की श्रेय तिला जातं.

नंतरच्या भेटींत फक्त हाताला वळण लावायचं होतं. पू तसाच ठेवून थेंब टाकले तर ते पुवातच राहतात. म्हणून आधी धुतलेल्या, वाळलेल्या मऊ सुती कापडाची वात कानात ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी, शेवटची कोरडी निघेपर्यंत. काडी, पिन, इअरबड नको. बाटली मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबांनी गरगरतं. मुलाला कुशीवर झोपवून डॉक्टरांनी लिहिले तेवढे थेंब टाकायचे आणि कानासमोरचा उंचवटा चार-पाचदा दाबायचा, म्हणजे औषध आत सरकतं. दिवसातून तीनदा, १४ दिवस. लसणाचं तेल पूर्ण बंद. घरातली जुनी दुसऱ्या औषधाची बाटलीही नको, जेंटामायसिनसारखे थेंब फुटक्या पडद्यातून गेले तर ऐकू येण्याला धोका असतो.

आंघोळीला व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवायचा. कोरडा कापूस पाणी शोषून आत नेतो. आंघोळ झाली की बोळा लगेच काढायचा. दिवसभर ठेवला तर पू आतच कोंडतो. विहीर आणि नाला बंद. मुलगा यावर रुसला, बैल मात्र काठावरून धुतो.

दोन आठवड्यांत कान कोरडा झाला. छिद्र आहेच, म्हणून बोळाही आहे. ऐकू येण्याची तपासणी आणि पडदा बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. थेंबांनीही कान कोरडा झाला नसता, किंवा थोडाच पण घाण वासाचा पू येत राहिला असता, तरी तिथेच पाठवलं असतं, कारण तेव्हा आत हाड पोखरणारा आजार असू शकतो. आणि कानामागे सूज, ताप, जोराची डोकेदुखी, चक्कर किंवा तोंड वाकडं होणं, यातलं काही दिसलं तर थेंबांच्या भरवशावर थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तेव्हा गोळ्या काय, इंजेक्शनंही लागतात.